पलीकडचे लिहून मग पुसायचे : एकतर्फी फोनच्या थरारदृश्याची संहिता



फोन वाजतो, पडद्यावरचे पात्र तो उचलते, बोलते, ऐकते, पुन्हा बोलते; पलीकडचा माणूस काय म्हणाला ते मात्र आपल्याला शेवटपर्यंत ऐकू येत नाही. थरारपटातला हा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. तो कसा लिहावा याबद्दल एक समज घट्ट बसलेला आहे : पलीकडचे बोलणे झाकले की भीती आपोआप तयार होते, आणि जितके जास्त झाकाल तितकी ती जास्त. मला आज याच्या विरुद्ध बाजू मांडायची आहे. माझे म्हणणे असे, की अशा दृश्यात पलीकडची बाजू प्रेक्षकाला जवळजवळ संपूर्ण कळली पाहिजे. कानावर न पडता कळली पाहिजे, एवढीच अट. लेखकाने ती बाजू आधी शब्द न् शब्द लिहावी, मग पुसावी, आणि पुसल्यावरही ती वाचता येते का ते पाहावे. शिल्लक अंधार राहावा तो एकाच गोष्टीपुरता.

या प्रकाराचे एक मूळ उदाहरण 1901 सालचे आहे. पॅरिसमधल्या आंद्रे आंत्वान यांच्या नाट्यगृहात आंद्रे द लोर्द आणि शार्ल फोले यांचे ‘ओ तेलेफोन’ हे छोटे नाटक झाले. द लोर्द हे पुढे ग्राँ-गिन्योल या भयनाट्याच्या रंगभूमीचे सर्वांत प्रसिद्ध लेखक ठरले. नाटकाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात एकाकी जागचे एक घर दिसते. घरचा कर्ता पुरुष कामासाठी बाहेर निघतो. मागे बायको, लहान मूल आणि नोकर राहतात. दुसऱ्या भागात तो दूरवर मित्राच्या घरी आहे. तिथे बायकोचा फोन येतो. बाहेर कुणीतरी आहे असे तिला वाटते. तो तिची समजूत काढतो, पुन्हा ऐकतो, पुन्हा समजूत काढतो, आणि शेवटी आपल्या माणसांची हत्या त्याला फोनवरून ऐकावी लागते. रंगमंचावर फोनचे फक्त हे टोक आहे. हत्या करणारे दिसत नाहीत, बायकोचा एक शब्दही ऐकू येत नाही.

या नाटकाचा उल्लेख नेहमी ‘न दाखवता घाबरवणे’ याचा नमुना म्हणून होतो. मला वाटते, त्यातली खरी करामत पहिल्या भागात आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. द लोर्द यांनी फोन वाजण्याआधी अख्खा एक अंक घर दाखवण्यात घालवला. दार कुठे, मूल कुठे, घरात कोण उरले, हे प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यामुळे दुसऱ्या अंकात नवऱ्याच्या तोंडून तुटक शब्द येतो, तेव्हा तो शब्द जाऊन बसायला प्रेक्षकाच्या मनात जागा तयार असते. पहिला अंक काढून टाका आणि दुसरा जसाच्या तसा करा. नट तेवढाच उत्तम असला तरी उरेल तो एका अनोळखी माणसाचा आक्रोश. त्याने कळवळा वाटेल, पण थरार वाटणार नाही. कारण थरारासाठी पुढे काय येऊ शकते याचा अंदाज लागतो, आणि अंदाजाला माहिती लागते.

याच कथेचा दुसरा अवतार शेजारी ठेवला की फरक स्पष्ट होतो. 1909 मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी ‘द लोनली व्हिला’ हा लघुपट याच कल्पनेवर केला. तो मूकपट, म्हणजे तिथे फोनच्या दोन्ही टोकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. ग्रिफिथ यांनी मार्ग काढला तो आळीपाळीने दाखवण्याचा : दार फोडणारे दरोडेखोर, आत अडकलेली बायको आणि मुली, फोन धरून उभा असलेला नवरा, मग तोडलेली तार आणि नवऱ्याची घराकडे धाव. इथे प्रेक्षक नवऱ्यापेक्षा पुढे आहे, त्याला सगळे दिसते. प्रश्न एवढाच की हा वेळेवर पोचतो का. तो पोचतो. नाटकात मात्र धावण्याला अर्थच नव्हता. टेलिफोनने कान तिथे नेला होता, हात इथेच राहिले होते. एकतर्फी दृश्य निवडावे ते या असहायतेसाठी. सुटकेची शर्यत दाखवायची असेल तर ग्रिफिथ यांचा मार्ग बरा, आणि तो मार्ग घेण्यात काही कमीपणा नाही.

आता प्रश्न येतो की अर्धे संभाषण ऐकताना ऐकणाऱ्याच्या मनात नेमके काय चालते. याबद्दल एक नेटका प्रयोग झालेला आहे. लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात तो केला आणि 2010 मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना एकाग्रता लागणारी कामे संगणकावर करायला दिली आणि त्याच वेळी बोलणे ऐकवले. कधी दोघांचे पूर्ण संभाषण, कधी एकाचेच सलग कथन, कधी फोनवरच्या संभाषणाची एकच बाजू. कामात अडथळा आला तो एकच बाजू ऐकताना. मग त्यांनी तोच आवाज असा गाळला की शब्द कळू नयेत, फक्त आवाजाची सुरुवात आणि थांबणे कळावे. अडथळा गेला. म्हणजे लक्ष खेचून घेणारी गोष्ट आवाजाची उघडझाप नव्हती. कळणारे शब्द आणि त्यांमधली न कळणारी पोकळी ही होती. हा प्रयोग भीतीबद्दल नाही, लक्ष विचलित होण्याबद्दल आहे, आणि त्याला त्याच्या बाहेर ओढू नये. पण आपल्या कामापुरते त्यातून एक नक्की मिळते : मन पोकळी भरू पाहते ते अर्थाच्या आधारावर. आधारच दिला नाही, तर भरण्याचे काम थांबते.

म्हणून ‘हो... नाही... पण... ठीक आहे’ अशा चार शब्दांवर चालवलेला फोन पडद्यावर निर्जीव वाटतो. लेखकाने पलीकडचे लिहिलेलेच नसते, आणि ते लगेच उघडे पडते. याच्या उलट टोकाला दुसरी चूक आहे, ती आपल्याकडे जास्त दिसते. पात्र पलीकडचे प्रत्येक वाक्य प्रश्नार्थक करून परत बोलते : ‘काय? गाडी घाटात बंद पडली? आणि ड्रायव्हर पळून गेला?’ या पद्धतीला आपल्या परंपरेत मात्र मानाची जागा आहे. संस्कृतातल्या ‘भाण’ या एकपात्री नाट्यप्रकारात विट रंगमंचावर एकटा असतो, रस्त्यातल्या अदृश्य माणसांशी बोलतो, ‘काय म्हणतोस?’ असे विचारतो आणि त्यांचे उत्तर स्वतःच उच्चारून पुढे जातो. शास्त्रकारांनी याला आकाशभाषित म्हटले. तिथे हे शोभते, कारण तो उघड संकेत आहे आणि विटाला प्रत्येक माणसाची नक्कल करण्याची संधी मिळते. थरारदृश्यात असा संकेत नाही. तिथला माणूस खराखुरा फोनवर आहे, आणि खरा माणूस पलीकडचे वाक्य परत बोलतो ते दोनच कारणांनी : ऐकू आले नाही म्हणून, किंवा विश्वास बसला नाही म्हणून. झाँ कोक्तो यांच्या ‘ला व्हुआ ह्युमेन’ या 1930 च्या एकपात्री नाटकात प्रियकर सोडून जात असलेली स्त्री त्याच्याशी फोनवर बोलत राहते. तिथे लाइन सारखी तुटते, मध्येच परक्या बाईचा आवाज घुसतो, त्यामुळे तिचे पुन्हा पुन्हा विचारणे यंत्राच्या दोषातून आलेले असते. आणि एकदा लाइन तुटल्यावर ती त्याच्या घरी फोन लावते, तेव्हा नोकर उचलतो आणि तो घरी नसल्याचे तिला कळते. इतका वेळ घरातून बोलतोय असे भासवणारा माणूस दुसरीकडेच आहे. प्रेक्षकाने नोकराचा शब्द ऐकलेला नसतो, तरी खोटे त्याच क्षणी त्याच्याही हातात पडते.

आता एक छोटे दृश्य हाताळून पाहू. ते या व्याख्यानापुरते रचलेले आहे.

(संध्याकाळ. सुलभा कपड्यांच्या घड्या घालते आहे. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या आहेत. मोबाइल वाजतो. स्क्रीनवरचे नाव पाहून सुलभा हसते.)

सुलभा : बोल रे. पोचलास का?

(विराम. हसू ओसरते.)

सुलभा : रोहन?

(लांब विराम. ती उठते. सासूबाईंकडे पाहते. पुन्हा बसते.)

सुलभा : हो, आजी आहे ना शेजारीच.

(विराम.)

सुलभा : नाही रे. तिला कशाला सांगू?

(छोटा विराम.)

सुलभा : ते बाबांच्या कपाटात असतात. किल्ली बाबांकडे—

(तिला तोडले जाते.)

सुलभा : बरं, बरं. शोधते. तुम्ही त्याला काही—

(क्षणभर शांतता.)

सुलभा : तू जेवून घे आधी.

सासूबाई : (मान वर न करता) तुम्ही कुणाला म्हणालीस गं?

पलीकडची बाजू लेखकाच्या वहीत पूर्ण लिहिलेली असते. ‘पोचलास का?’ला उत्तर नाही, नुसता श्वास. ‘रोहन?’नंतर अनोळखी पुरुष : ‘रोहनचा फोन माझ्याकडे आहे, आणि रोहनपण. आरडाओरडा करू नका. घरात तुमच्याजवळ कोण आहे?’ मग : ‘तर मुलाशी बोलताय तसंच माझ्याशी बोला. म्हातारीला काही सांगाल तर याद राखा.’ मग एका वस्तूची चौकशी. मग : ‘किल्ली शोधा. अर्धा तास देतो.’ ही वाक्ये कुणालाही ऐकवायची नाहीत, तरी ती लिहावीच लागतात, कारण सुलभाचे प्रत्येक वाक्य एखाद्या विशिष्ट प्रश्नाचेच उत्तर असले पाहिजे. ‘हो, आजी आहे ना शेजारीच’ हे घरात कोण आहे या प्रश्नाचे उत्तर आहे आणि मुलाने विचारल्यासारखेही आहे. दोन्हीकडे बसणारे वाक्य सापडेपर्यंत पलीकडचा प्रश्न बदलत राहायचा. सगळी मेहनत इथे जाते.

इथे मराठी लेखकाच्या हाती एक असे साधन आहे जे इंग्रजी लेखकाला मिळत नाही. आपले क्रियापद पलीकडच्या माणसाचे लिंग सांगते, सर्वनाम त्याच्याशी असलेले नाते सांगते. ‘पोचलास का?’ एवढ्यावर पलीकडे पुरुष आहे, वयाने किंवा नात्याने जवळचा आहे, हे कळून जाते. ज्याला पलीकडची ओळख पूर्ण लपवायची आहे त्याला ही अडचण वाटेल आणि तो कृत्रिम, लिंगहीन वाक्ये जुळवत बसेल. पण पलीकडची बाजू कळलीच पाहिजे असे मानले, तर हीच अडचण कामाला येते. फोन दुसऱ्याच्या हातात आहे हे ‘तू’चा ‘तुम्ही’ झाल्याबरोबर कळते, त्यासाठी एकही खुलासा लागत नाही. आणि परक्या माणसाला ‘तू’ आणि ‘रे’ म्हणत राहण्याची सक्ती झाली, की तेवढ्यानेच बाईचा छळ ऐकू येतो. ‘नाही रे’ यातला ‘रे’ हा या दृश्यातला सगळ्यात भयानक शब्द आहे. शिवाय खोलीत तिसरे माणूस बसवल्याने पलीकडचे परत बोलण्याचा मोहही आपोआप बंद होतो. सुलभाला ते बोलताच येणार नाही.

अंधार कुठे ठेवला आहे तेही पाहा. ‘ते बाबांच्या कपाटात असतात’ यातले ‘ते’ म्हणजे पैसे, दागिने, की जमिनीचे कागद? मराठीत तिन्ही पुल्लिंगी अनेकवचनी, तिन्ही ‘ते’. बाकी सगळे उघड असताना ही एकच गोष्ट झाकलेली आहे, आणि ती पुढच्या कथेसाठी राखून ठेवलेली आहे. तीन गोष्टी झाकल्या असत्या, तर प्रेक्षकाने एकीचाही पाठपुरावा केला नसता.

फोनची सुरुवात कशी होते याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल श्गेलॉफ यांनी पोलिसांकडे आलेल्या आणि पोलिसांनी लावलेल्या सुमारे 500 फोनच्या सुरुवाती तपासल्या. आधी उचलणारा बोलतो, हा नियम एक सोडून सगळ्यांना लागू पडला. त्या एका फोनमध्ये उचलणारा गप्प राहिला आणि लावणाऱ्यालाच ‘हॅलो’ म्हणावे लागले. त्या एका अपवादासाठी श्गेलॉफ यांनी आपली मांडणी बदलली आणि 1968 च्या निबंधात सांगितले, की फोनची घंटा हीच पहिली हाक असते. ‘हॅलो’ हे त्या हाकेला दिलेले उत्तर. मोबाइलने यात भर घातली. हाक मारणाऱ्याचे नाव आधीच दिसते, म्हणून उत्तर त्या माणसाच्या मापाचे निघते. ‘बोल रे’ हे रोहनसाठी तयार झालेले उत्तर आहे आणि ते भलत्याच कानात जाते. तारेचा खरखराट गेल्याने कोक्तो यांची युक्ती आज महाग झाली, पण त्या बदल्यात ही नवी गफलत लेखकाला मिळाली.

विरामांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण दृश्ये फसतात ती बहुधा इथे. दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास 2009 मध्ये आला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांमधले अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघाले. आपण समोरच्याचे वाक्य संपताच, जवळजवळ त्याच्या शेपटावर, बोलू लागतो. तेव्हा संहितेतला विराम म्हणजे पलीकडचे वाक्य म्हणायला लागणारा वेळ आणि वर हा निमिषमात्र. ‘रोहनचा फोन माझ्याकडे आहे’पासून ‘कोण आहे?’पर्यंतचा मजकूर घड्याळ लावून मोठ्याने वाचा. तेवढाच विराम सुलभाला द्या. मग त्यात दोन सेकंद जास्त घातले, तर प्रेक्षकाला ते लगेच जाणवतात : ऐकणे संपले आहे, ही विचार करते आहे किंवा हिची वाचा बसली आहे. भरलेला विराम आणि रिकामा विराम असे दोन वेगळे प्रकार झाले. लेखकाने पलीकडचे लिहिले नसेल तर नट सगळे विराम एकाच मापाचे घेतो आणि हा फरक पुसला जातो. दुसरी खूण हुंकाराची. मराठी माणूस फोनवर ऐकताना ‘हं’, ‘बरं’, ‘अच्छा’ म्हणत राहतो, नाहीतर पलीकडचा ‘आहेस ना?’ विचारतो. लांब विरामात सुलभाने एकही हुंकार दिलेला नाही, आणि पलीकडचाही विचारत नाही. तो तिची वाट पाहत नाही, हे त्यातून कळते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की अज्ञाताचे भय मोठे असते आणि सगळे कळू द्यायचे म्हटले तर ते भय मरते. याला ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ या स्टॅनली कुब्रिक यांच्या 1964 च्या चित्रपटातून उत्तर देता येते. पीटर सेलर्स यांनी साकारलेला अमेरिकेचा अध्यक्ष रशियाच्या पंतप्रधानांना फोनवर सांगतो, की आमची विमाने तुमच्यावर अणुबाँब टाकायला निघाली आहेत. पंतप्रधानांचा आवाज आपल्याला कधीच ऐकू येत नाही. तरी ते प्यालेले आहेत, तिथे गाणी मोठ्याने लागली आहेत, ते हळवे आणि चटकन रुसणारे आहेत, हे सगळे अध्यक्षाच्या समजावणीतून तंतोतंत कळते. लोक हसतात, पण जगाचे काय होणार ही टांगणी त्यामुळे सैल होत नाही, उलट पलीकडचा माणूस इतका स्पष्ट दिसल्यावर ती आवळते. अज्ञात ते भविष्य आहे. पलीकडचा माणूस आणि त्याचे म्हणणे ज्ञात झाल्याशिवाय भविष्याची भीती उभी राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन्ही बाजू ऐकू येणारी उत्कृष्ट फोन-नाट्ये आहेत, मग हा खटाटोप कशाला? ल्युसिल फ्लेचर यांचे ‘सॉरी, राँग नंबर’ हे 1943 चे नभोनाट्य, किंवा गुस्ताव मोलर यांचा ‘द गिल्टी’ हा 2018 चा डॅनिश चित्रपट, यांत पलीकडचे आवाज ऐकू येतात आणि श्वास रोखला जातो. हे मान्यच करायला हवे. पण त्यांचे काम वेगळे आहे. फ्लेचर यांच्या नाट्यात आजारी बाईची घालमेल वाढते ती टेलिफोन ऑपरेटरच्या सभ्य, थंड सुरामुळे. तो सूर ऐकल्याशिवाय नाट्य उरत नाही. ‘द गिल्टी’मध्ये आणीबाणीच्या कक्षातला पोलिस आणि आपण एकच आवाज ऐकतो आणि त्यावरून एकच चुकीचा निष्कर्ष काढतो, आवाज झाकला असता तर आपण त्याच्या चुकीत सामील झालो नसतो. जिथे पलीकडच्या आवाजाचा पोत हाच पुरावा आहे, तिथे तो ऐकवावा. जिथे अलीकडच्या माणसाला ऐकलेले लपवायचे आहे, तिथे एक बाजू ठेवावी, कारण मग प्रेक्षकही सुलभासारखाच चेहरा आणि शब्द यांच्यातली फट सांभाळत बसतो. ‘तुम्ही’ निसटल्यावर त्याला दचकायला होते ते पलीकडचा ऐकू आला म्हणून नव्हे. सासूबाईंनाही ऐकू आले म्हणून.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. एकतर्फी फोनवरून नवा तपशील कथेत आणता येत नाही. पत्ता, आकडा, नवे नाव, वेळ यांतले काहीही पहिल्यांदा इथे सांगायचे म्हटले की पात्र ते उच्चारून दाखवते आणि बोलणे खोटे पडते. तो तपशील द लोर्द यांच्यासारखा आधी पेरावा, नाहीतर फोन ठेवल्यावरच्या कृतीतून द्यावा. बाबांचे कपाट प्रेक्षकाने आधी पाहिलेले हवे, किल्ली कुणाच्या खिशात असते तेही.

दृश्य जमले की नाही हे ठरवण्याची एक परीक्षा आहे. ऐकू येणारी बाजू तेवढी तीन जणांना द्यावी आणि पलीकडची त्यांच्याकडून लिहून घ्यावी. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी लिहिल्या तर आधार कमी पडला आहे. तिघांची प्रत अक्षरशः एकच आली तर झाकलेले काहीच उरलेले नाही. सुलभाच्या दृश्यात तिघांनीही धमकी, ताब्यातला मुलगा आणि शोधायची किल्ली लिहावी, आणि कपाटात काय आहे यावर मात्र त्यांचे मतभेद व्हावेत.

आणि चित्रीकरणाच्या दिवशी वहीतली ती पुसलेली बाजू पुन्हा बाहेर काढावी लागते. कॅमेऱ्यामागे उभे राहून कुणीतरी ती नटीला खरोखर वाचून दाखवावी, योग्य वेगाने, योग्य जागी तोडून. ‘किल्ली बाबांकडे—’ हे वाक्य तोडणारा प्रत्यक्ष कुणी नसेल तर नटी स्वतःच थांबते, आणि स्वतः थांबलेले वाक्य तोडलेल्या वाक्यासारखे वाजत नाही. वाचणाऱ्याचा आवाज तिच्या शब्दांवर चढून ध्वनिमुद्रण बिघडू नये म्हणून तो तिच्या कानातल्या छोट्या यंत्रात द्यावा. असे दृश्य बहुधा एकाच सलग शॉटमध्ये घेतात, त्यामुळे विरामांची मापे पुढे संकलनाच्या टेबलावर दुरुस्त करता येत नाहीत. सेटवर जी पडली तीच राहतात.